गोठणबिंदूतील घटीवरून मोलर वस्तुमान कसे काढावे आणि एकके कुठे चुकतात

एखादा अनोळखी पांढरा घनपदार्थ समोर असतो, त्याचे रासायनिक सूत्र ठाऊक नसते आणि त्याच्या एका मोलचे वस्तुमान किती ग्रॅम आहे एवढेच आपल्याला काढायचे असते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. एक चांगला द्रावक, बर्फ, तराजू आणि अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत तापमान दाखवणारा तापमापक एवढी सामग्री पुरते. शुद्ध द्रावक कोणत्या तापमानाला गोठतो आणि तो पदार्थ विरघळवल्यावर कोणत्या तापमानाला गोठू लागतो, या दोहोंतील फरक मोजला की मोलर वस्तुमान निघते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे फ्रांस्वा-मारी राउल्ट यांनी १८८० च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला, आणि बारावीच्या पुस्तकात ती आज जशी आहे ती तत्त्वतः तशीच राहिली आहे. पद्धत सोपी असूनही उत्तरे मात्र वारंवार चुकतात आणि बहुतेक वेळा चूक प्रयोगात नसून एककांत असते. म्हणून या लेखात एकच प्रयोग घेऊन त्याचे आकडे शेवटपर्यंत नेऊ आणि त्याच आकड्यांवर प्रत्येक चूक केल्यास काय उत्तर येते तेही पाहू.

प्रथम गोठणबिंदू खाली का जातो ते समजून घेऊ. शुद्ध द्रव त्याच्या गोठणबिंदूला असतो तेव्हा स्फटिकाच्या पृष्ठभागावर दोन क्रिया सारख्याच वेगाने चालू असतात. द्रवातील काही रेणू स्फटिकाला जाऊन चिकटतात आणि तितकेच रेणू स्फटिकातून सुटून द्रवात येतात. आता त्या द्रवात दुसरा पदार्थ विरघळवला, तर पृष्ठभागाशी येणाऱ्या रेणूंपैकी काही त्या परक्या पदार्थाचे असतात आणि ते स्फटिकात बसत नाहीत, त्यामुळे चिकटण्याचा वेग घटतो. स्फटिक मात्र शुद्ध द्रावकाचाच असल्यामुळे त्यातून सुटणाऱ्या रेणूंचा वेग पूर्वीइतकाच राहतो. हे दोन वेग पुन्हा बरोबरीत यायचे असतील तर तापमान आणखी खाली न्यावे लागते. येथे परके रेणू कोणत्या पदार्थाचे आहेत यापेक्षा ते किती आहेत याला महत्त्व असते. म्हणूनच तापमानातील घट मोजली की आपल्याला रेणूंची संख्या कळते, तराजूवर वस्तुमान आधीच कळलेले असते, आणि या दोहोंच्या भागाकारातून एका मोलचे वस्तुमान हाती येते.

हीच गोष्ट सूत्रात अशी लिहितात:

ΔTf = Kf × m

यात ΔTf म्हणजे गोठणबिंदूतील घट आणि m म्हणजे द्रावणाची मोलॅलिटी, अर्थात एक किलोग्रॅम द्रावकात विरघळलेल्या द्राव्याचे मोल. Kf हा त्या द्रावकाचा स्थिरांक असून त्याचे एकक केल्विन किलोग्रॅम प्रति मोल असे आहे. हे एकक लांबलचक वाटते, पण पुढच्या सगळ्या आकडेमोडीची किल्ली त्यातच आहे, म्हणून ते पाठ करण्याऐवजी वाचायला शिकावे. एक किलोग्रॅम द्रावकात एक मोल द्राव्य असल्यास गोठणबिंदू किती केल्विनने उतरेल, हे Kf सांगतो. पाण्यासाठी ही किंमत १.८६ आहे, बेंझीनसाठी ५.१२ आहे आणि सायक्लोहेक्झेनसाठी सुमारे २० आहे. यात ‘किलोग्रॅम’ हा शब्द द्रावकाविषयी आहे, द्रावणाविषयी नाही, आणि त्यात लिटर कुठेही नाही, या दोन गोष्टी येथेच मनात पक्क्या कराव्यात.

मोलॅलिटीच्या जागी द्राव्याचे ग्रॅममधील वस्तुमान w, द्रावकाचे ग्रॅममधील वस्तुमान W आणि द्राव्याचे मोलर वस्तुमान M घातले की सूत्राला नेहमीचे रूप येते:

M = (Kf × w × १०००) ÷ (ΔTf × W)

आता प्रयोगाकडे वळू. आपण द्रावक म्हणून सायक्लोहेक्झेन घेऊ. तो सुमारे ६.५ अंश सेल्सिअसला गोठतो, त्यामुळे पाणी आणि बर्फ यांचे साधे मिश्रण त्याला गोठवायला पुरते. बेंझीनही याच सुमारास गोठतो, परंतु त्याची वाफ कर्करोगाला कारण ठरते, म्हणून शिकवण्याच्या प्रयोगशाळेत सायक्लोहेक्झेनच बरा. तो ज्वालाग्राही आहे, तेव्हा जवळ बर्नर पेटता ठेवू नये. त्याला पसंती देण्याचे दुसरे कारण त्याच्या मोठ्या Kf मध्ये आहे. सायक्लोहेक्झेनचा स्फटिक वितळवायला अगदी थोडी उष्णता लागते, साधारणपणे मोलमागे २.७ किलोज्यूल, तर बर्फाला ६ किलोज्यूल लागतात. वितळण्याची उष्णता जितकी कमी तितका Kf मोठा असतो, आणि सायक्लोहेक्झेनच्या रेणूचे वजनही पाण्याच्या रेणूपेक्षा बरेच जास्त असल्यामुळे फरक आणखी वाढतो. परिणामी, जे द्रावण पाण्यात केले असते तर गोठणबिंदू ०.१९ अंशाने उतरला असता, तेच सायक्लोहेक्झेनमध्ये केल्यास तो दोन अंशांनी उतरतो. तापमापकात ०.०२ अंशाची चूक असली, तर पहिल्या प्रयोगातील उत्तर १० टक्क्यांहून अधिक चुकते आणि दुसऱ्यातील केवळ एका टक्क्याने. पाण्यात काम करणाऱ्या जुन्या रसायनशास्त्रज्ञांना एर्न्स्ट बेकमन यांचा खास तापमापक का लागत असे, हे यावरून लक्षात येईल. त्या तापमापकाची सगळी पट्टी मिळून पाच-सहा अंशांचीच असते आणि तिच्यावर अंशाच्या शंभराव्या भागाच्या खुणा असतात.

पिपेटने २० मिलिलिटर सायक्लोहेक्झेन कोरड्या परीक्षानळीत घेतले. नळी आधी रिकामी आणि मग भरलेली अशी दोनदा तोलली, तेव्हा द्रावकाचे वस्तुमान १५.४५ ग्रॅम भरले. ही नळी दुसऱ्या रुंद नळीत बसवून दोहोंमध्ये हवेचा थर राहू दिला, म्हणजे थंडी सावकाश पोहोचते. बर्फाच्या पाण्यात ठेवून, ढवळत राहून, दर १५ सेकंदांनी तापमान टिपले. तापमान उतरत ६.४२ अंशांवर आले आणि स्फटिक दिसू लागल्यावर तेथेच स्थिर राहिले. हा शुद्ध द्रावकाचा आपल्या तापमापकावरील गोठणबिंदू. पुस्तकात तो थोडा वेगळा असतो, पण येथे पुस्तकातील आकडा वापरू नये. दोन्ही वाचने एकाच तापमापकाची असतील, तर त्या तापमापकातील कायमची चूक वजाबाकीत निघून जाते. एक वाचन पुस्तकातले आणि दुसरे आपले घेतले, तर ती चूक सगळीच्या सगळी उत्तरात उतरते.

नंतर नळी हातात धरून द्रव वितळू दिला, त्यात ०.१९८ ग्रॅम अनोळखी पदार्थ घातला, तो पूर्ण विरघळल्याची खात्री केली आणि पुन्हा थंड केले. या वेळी तापमान उतरत उतरत ३.८० अंशांपर्यंत गेले, मग एकाएकी द्रव गढूळ झाला, तापमान उसळी घेऊन ४.३ च्या आसपास आले आणि तेथून अगदी हळूहळू पुन्हा उतरू लागले. ही उसळी नवख्याला घोटाळ्यात टाकते. स्फटिक तयार व्हायला सुरुवात मिळाली नाही की द्रव आपल्या गोठणबिंदूच्याही खाली द्रवरूपातच राहतो, यालाच अतिशीतन म्हणतात. पहिला स्फटिक जमताच उष्णता बाहेर पडते आणि तापमान वर येते. म्हणून ३.८० हा गोठणबिंदू नव्हे. उसळीनंतरचे सर्वांत वरचे वाचनही अगदी अचूक नसते, कारण तोवर थोडा शुद्ध द्रावक स्फटिक होऊन बाजूला गेलेला असतो आणि उरलेले द्रावण अधिक तीव्र झालेले असते. यावर उपाय म्हणजे तापमान आणि काळ यांचा आलेख काढावा, उसळीनंतरची संथ उतरती रेषा पट्टीने मागे वाढवावी आणि ती सुरुवातीच्या उतरत्या रेषेला जेथे छेदते ते तापमान घ्यावे. आपल्या आलेखावर ते ४.३९ अंश आले.

आता घट काढू: ६.४२ − ४.३९ = २.०३ अंश. Kf २०.० घेऊन आकडेमोड अशी होते:

M = (२०.० × ०.१९८ × १०००) ÷ (२.०३ × १५.४५) = ३९६० ÷ ३१.३६ = १२६ ग्रॅम प्रति मोल

तो पदार्थ नॅप्थॅलीन, म्हणजे डांबरगोळीतील नेहमीचा घटक होता आणि त्याचे खरे मोलर वस्तुमान १२८.२ आहे. शाळा-महाविद्यालयातील साधनांनी दोन टक्क्यांच्या आत उत्तर येणे ही चांगली गोष्ट आहे. उरलेल्या फरकात Kf चाही वाटा असू शकतो, कारण सायक्लोहेक्झेनसाठी निरनिराळ्या तक्त्यांत २०.० पासून २०.८ पर्यंत किमती दिलेल्या आढळतात आणि २०.८ घेतल्यास हाच प्रयोग १३१ असे उत्तर देतो. त्यामुळे ओळखीच्या, शुद्ध पदार्थावर तोच प्रयोग आधी करून आपल्या साधनांचा Kf स्वतः काढून घेणे मला कोणत्याही तक्त्यापेक्षा अधिक भरवशाचे वाटते.

एककांच्या चुका दोन जातींच्या असतात. काहींचे उत्तर इतके अशक्य येते की चूक तत्काळ उघडी पडते, तर काहींचे उत्तर अगदी पटण्याजोगे येते आणि चूक तशीच वहीत राहून जाते. दुसऱ्या जातीकडे जास्त लक्ष द्यायला हवे, पण आधी पहिली जात उरकून घेऊ.

सेल्सिअसचे केल्विन करण्यासाठी २७३.१५ मिळवायचे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर इतके ठसलेले असते की काही जण २.०३ मध्येही ते मिळवतात. मग छेदात २७५.१८ येते आणि मोलर वस्तुमान ०.९३ निघते, म्हणजे हायड्रोजनच्या एका अणूपेक्षाही कमी. तापमान आणि तापमानातील फरक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ६.४२ चे २७९.५७ आणि ४.३९ चे २७७.५४ केले, तरी त्यांतील फरक २.०३ च राहतो, कारण सेल्सिअसचा एक अंश आणि एक केल्विन यांचा आकार एकच आहे. म्हणून Kf च्या एककात केल्विन असला, तरी फरक सेल्सिअसमध्ये मोजून जसाच्या तसा वापरता येतो. फॅरेनहाइट तापमापक असेल तर फरकाला फक्त ५/९ ने गुणावे. त्यातून ३२ वजा करू नयेत, कारणही तेच.

याच जातीतली आणखी एक चूक कॅल्क्युलेटरवर होते. ३९६० भागिले २.०३ गुणिले १५.४५ असे सरळ दाबत गेल्यास शेवटची संख्या छेदात न जाता अंशात जाते आणि उत्तर तीस हजारांच्या वर येते. छेदाला कंस घालावा किंवा दोनदा भागावे.

१००० विसरण्याची चूक मात्र थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. तो आकडा गाळल्यास उत्तर ०.१२६ येते आणि बहुतेक जण घाबरून सगळे खोडतात. वास्तविक ते उत्तर चूक नसते. w आणि W दोन्ही ग्रॅममध्ये असल्यामुळे त्यांची एकके एकमेकांना छेदून जातात, ΔTf मधला केल्विन Kf मधल्या केल्विनला छेदतो, आणि मागे किलोग्रॅम प्रति मोल एवढेच उरते. ०.१२६ किलोग्रॅम प्रति मोल म्हणजेच १२६ ग्रॅम प्रति मोल. सूत्रातला १००० हा निसर्गातून आलेला नाही. Kf किलोग्रॅममध्ये आणि उत्तर ग्रॅममध्ये हवे असल्यामुळे तो घालावा लागतो. हे एकदा समजले की १००० अंशात असतो की छेदात, हे पाठ ठेवण्याची गरज राहत नाही. ज्यांना गोंधळ टाळायचा आहे त्यांनी W सरळ किलोग्रॅममध्ये, म्हणजे ०.०१५४५ असा लिहावा आणि १००० पूर्णपणे सोडून द्यावा. मात्र W किलोग्रॅममध्ये लिहून वर १००० ही घातला, तर उत्तर एक लाख सव्वीस हजार येते.

जुन्या पुस्तकांतील स्थिरांकांबाबतही सावध राहावे. त्या काळी एक किलोग्रॅमऐवजी १०० ग्रॅम द्रावकाच्या हिशेबाने स्थिरांक देण्याची पद्धत होती, त्यामुळे पाण्यासाठी १८.६ आणि कापरासाठी ४०० अशा किमती दिसतात. त्या चुकीच्या नाहीत, पण त्यांच्याबरोबर सूत्रात १००० च्या जागी १०० घ्यावा लागतो. नवा १००० आणि जुना स्थिरांक एकत्र आले की उत्तर बरोबर दहापट होते. उत्तर नेमके दहापट किंवा दशांश आले की तराजूचा दशांशचिन्हाचा आकडा आणि स्थिरांकाचा तक्ता या दोन ठिकाणी आधी पाहावे.

आता पटण्याजोग्या उत्तरांकडे येऊ. सर्वांत अधिक आढळणारी चूक म्हणजे मिलिलिटरलाच ग्रॅम समजणे. पाण्याच्या बाबतीत २० मिलिलिटर म्हणजे जवळजवळ २० ग्रॅम, त्यामुळे पाण्याची उदाहरणे सोडवून सोडवून ही सवय लागते आणि कधी अंगलट येत नाही. सायक्लोहेक्झेन पाण्यापेक्षा हलका आहे. २० अंश सेल्सिअसला त्याची घनता दर मिलिलिटरला सुमारे ०.७८ ग्रॅम असते. आपल्या प्रयोगात W च्या जागी १५.४५ ऐवजी २० घातले, तर M येते ९७.५. हे उत्तर कुठेही विचित्र दिसत नाही. शंभराच्या जवळपास मोलर वस्तुमान असलेले सेंद्रिय पदार्थ पुष्कळ आहेत. येथे उत्तर पाहून चूक कळणार नाही. ती एकके लिहिली तरच कळते. छेदात ‘मिलिलिटर’ असा शब्द लिहिला की तो Kf मधल्या किलोग्रॅमला छेदत नाही आणि उत्तराच्या एककात किलोग्रॅम प्रति मोलऐवजी काहीतरी विजोड उरते. तीच आपली सूचना. घनतेने गुणूनच पुढे जावे आणि शक्य असेल तर द्रावक तोलूनच घ्यावा, कारण घनताही खोलीच्या तापमानाबरोबर बदलते.

पाण्याच्याच सवयीतून दुसरी चूक जन्मते. पाण्याचा गोठणबिंदू शून्य असल्यामुळे द्रावण −०.९३ अंशांना गोठले तर घटही ०.९३ च असते. वजाबाकी केली काय आणि न केली काय, आकडा तोच. ही सवय घेऊन सायक्लोहेक्झेनकडे आलेला विद्यार्थी ४.३९ हाच आकडा ΔTf म्हणून घालतो आणि त्याला ५८.४ असे उत्तर मिळते. योगायोगाने हे मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे मोलर वस्तुमान आहे, त्यामुळे पदार्थ ओळखल्याचा आनंदही होऊ शकतो. परंतु मीठ सायक्लोहेक्झेनमध्ये विरघळतच नाही, आणि आपला पदार्थ तर सहज विरघळला होता. आकड्याची पडताळणी अशी पदार्थाच्या वागणुकीशी करावी लागते.

तिसरी चूक लहान आहे, म्हणून लपते. द्रावकाच्या जागी पूर्ण द्रावणाचे वस्तुमान, म्हणजे १५.४५ ऐवजी १५.६५ ग्रॅम घेतले, तर उत्तर सुमारे १२५ येते. फरक एक-सव्वा टक्क्याचा. द्रावण विरळ आहे तोवर हे प्रयोगाच्या नेहमीच्या चुकीत बुडून जाते, पण १० ग्रॅम द्राव्य आणि ९० ग्रॅम पाणी अशा गणितात तीच चूक दहा टक्क्यांवर जाते. ‘१० टक्के द्रावण’ असा शब्दप्रयोग गणितात दिसला की हे विशेषकरून तपासावे.

वरील ९७.५ या उत्तराकडे पुन्हा एकदा पाहण्याचे कारण आहे. एखाद्याने द्रावक नीट तोलला, एकके बिनचूक लिहिली, पण आलेख न काढता अतिशीतनातला ३.८० हा सर्वांत खालचा आकडाच गोठणबिंदू धरला, तर घट २.६२ होते आणि उत्तर ९७.८ येते. म्हणजे एक चूक एककाची आणि दुसरी निरीक्षणाची, तरी दोघांच्या वहीत जवळजवळ तोच आकडा. म्हणून उत्तर कमी आले एवढ्यावरून ‘मिलिलिटरचीच चूक असणार’ असा निष्कर्ष काढता येत नाही. आकडेमोड आणि आलेख दोन्ही उघडून पाहावे लागतात. नळीचे तोंड उघडे राहून द्रावक उडून गेला तरीही उत्तर कमीच येते, कारण प्रत्यक्षात द्रावक तोललेल्यापेक्षा थोडा उरतो आणि घट वाढते. द्राव्य पूर्ण विरघळले नसेल किंवा थोडे नळीच्या काठाला चिकटून राहिले असेल, तर मात्र उलटे घडून उत्तर जास्त येते.

शेवटी, एकके, आलेख आणि तोल सगळे बरोबर असूनही उत्तर पुस्तकाशी जुळत नाही, असेही घडते. बेंझीनमध्ये बेंझॉइक आम्ल विरघळवून हाच प्रयोग केला, तर मोलर वस्तुमान १२२ ऐवजी २४० च्या आसपास येते. ही चूक नव्हे. बेंझीनमध्ये या आम्लाचे दोन-दोन रेणू हायड्रोजन बंधांनी जोडले जाऊन एकेका कणासारखे वागतात, आणि गोठणबिंदू तर कणच मोजतो. पाण्यातील मिठाच्या बाबतीत याच्या उलट होते. एका सूत्रातून दोन आयन सुटतात, घट जवळजवळ दुप्पट होते आणि उत्तर ५८ ऐवजी ३० च्या थोडे वर येते. अशा वेळी सूत्रात व्हँट हॉफ गुणक i घालावा लागतो:

M = (i × Kf × w × १०००) ÷ (ΔTf × W)

पूर्ण जोड्या झाल्यास i ची किंमत ०.५ आणि मिठाचे पूर्ण विघटन झाल्यास २ असते. i ला एकक नसते, त्यामुळे तो विसरला गेला तर एककांची कोणतीही तपासणी ते दाखवून देणार नाही. उत्तर अपेक्षेच्या निम्मे किंवा दुप्पट आले आणि एकके निर्दोष दिसली, तर वेगळ्या प्रकारचा द्रावक घेऊन प्रयोग पुन्हा करावा. दोन द्रावकांत मोलर वस्तुमान वेगवेगळे आले, तर पदार्थ किमान एका द्रावकात तरी जोडला जात आहे किंवा तुटत आहे असे समजावे.